ड्रॉइंग चुकलं होतं, पण कोणी बोललं नाही: संस्थेच्या संस्कृतीचे थर आणि देशादेशांतले फरक एकाच उत्तरात कसे जोडायचे

इंटरनॅशनल मॅनेजमेंटच्या असाइनमेंटमध्ये हा विषय आला की बहुतेक उत्तरं दोन तुकड्यांत लिहिली जातात. पहिल्या तुकड्यात संस्थेच्या संस्कृतीचे एडगर शाइन यांनी मांडलेले तीन थर येतात, शेजारी हिमनगाचं चित्र असतं. दुसऱ्यात देशादेशांच्या संस्कृतीतले फरक मोजायच्या गीर्ट हॉफस्टेड यांच्या सहा मिती आणि भारताचे आकडे. दोन्हीतली माहिती बरोबर असते. पण पहिल्या तुकड्यातून दुसऱ्यात जायचा रस्ता कुठे दिसत नाही आणि दिलेली केस मध्येच अधांतरी राहते. तो रस्ता कसा बांधायचा, हे इथे एकच केस शेवटपर्यंत नेऊन दाखवलं आहे. केस कल्पित आहे. मात्र शाइन आणि हॉफस्टेड यांच्या कामाबद्दल जे लिहिलं आहे आणि जे आकडे दिले आहेत, ते खरे आहेत.

## केस

महापे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणारा एक कारखाना आहे, साधारण १८० माणसांचा. तीन वर्षांपूर्वी तो नेदरलँड्समधल्या एका कंपनीने विकत घेतला. डिझाइनचं मूळ ड्रॉइंग तिकडून येतं, त्यावरून इथला डिझाइन विभाग कारखान्यासाठी तपशीलवार ड्रॉइंग करतो आणि मग शॉप फ्लोअरवर पॅनल बनतात.

एका कोल्ड स्टोरेजसाठी १२ पॅनलची ऑर्डर आली. ड्रॉइंगमध्ये केबल खालून येणार असं दाखवलं होतं, म्हणजे केबल आत घ्यायची ग्लँड प्लेट पॅनलच्या तळाला. सोमवारी इथल्या एका ज्युनिअर इंजिनिअरने साइटचे फोटो पाहिले. जमिनीत ट्रेंच नव्हताच, केबल ट्रे छताजवळून जात होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत टीम लीडरला सांगितलं. टीम लीडर म्हणाला, "त्यांनी पाठवलंय ना, विचार करूनच पाठवलं असेल."

मंगळवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे हिवाळ्यात तिकडे सकाळी दहाला, साप्ताहिक कॉल झाला. डच प्रोजेक्ट मॅनेजरने विचारलं, सगळं स्पष्ट आहे ना? इकडच्या सातही जणांनी हो म्हटलं. पॅनल बनले, जहाजाने गेले आणि साइटवर बसेनात. वरच्या पत्र्याला भोकं पाडावी लागली. त्यामुळे पॅनलचं धूळ-पाण्यापासूनचं आयपी ५४ संरक्षण गेलं, कारण वरून पाडलेलं भोक नीट सील केलं नाही तर कोल्ड स्टोरेजमधलं ठिबकणारं पाणी थेट आत जातं. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. "आधी का नाही सांगितलंत?" या डच मॅनेजरच्या प्रश्नावर इकडून उत्तर आलं, "तुमचंच ड्रॉइंग होतं."

प्रश्न असा: ही घटना संस्कृतीच्या आधारे समजावून सांगा आणि उपाय सुचवा.

## पायरी १: विश्लेषणासाठी एकच वर्तन निवडा

इथे पहिली चूक होते. विद्यार्थी "संवादाचा अभाव" असं लिहून पुढे जातात. संवादाचा अभाव कुठे होता? इंजिनिअर टीम लीडरशी बोलला, टीम लीडरने ऐकलं, कॉलही वेळेवर झाला. अडलं ते एका नेमक्या जागी: चूक माहीत असलेल्या माणसाने ती कॉलवर, साहेबांसमोर, ड्रॉइंग पाठवणाऱ्याला सांगितली नाही. वर्तन असं एका वाक्यात बांधून घ्या. कोणी, कोणासमोर, काय केलं किंवा केलं नाही, एवढं त्यात यायला हवं. पुढचं सगळं विश्लेषण या वाक्याचं कारण शोधण्यासाठी आहे. ज्या मुद्द्याचा या वाक्याशी संबंध लागत नाही, तो खरा असला तरी उत्तरात घेऊ नका.

## पायरी २: तीन थर वरून खाली उतरा

शाइन यांनी ही मांडणी १९८५ साली पुस्तकरूपाने केली. वरचा थर आर्टिफॅक्ट्सचा, म्हणजे बाहेरच्या माणसाला दिसतं, ऐकू येतं ते. मधला थर संस्था स्वतःबद्दल जे सांगते त्या मूल्यांचा. तळाचा थर मूळ गृहीतकांचा. ही इतकी मुरलेली असतात की त्यांच्यावर कोणी वाद घालत नाही.

महापेच्या कारखान्यात वरच्या थरात काय दिसतं ते लिहा, पण अर्थ न लावता. विभागप्रमुखांना काचेच्या केबिन आहेत. ज्युनिअर "साहेब" म्हणतात, पहिल्या नावाने हाक मारत नाहीत. कॉलवर आधी सिनिअर बोलतो, बाकीचे माइक बंद ठेवतात. प्रत्येक ड्रॉइंगवर "अप्रूव्ह्ड" असा शिक्का असतो आणि तो मारल्याशिवाय कागद फ्लोअरवर जात नाही. एवढंच. "यावरून हुकूमशाही दिसते" असं या थरातच लिहिलं की उत्तर घसरलं. आर्टिफॅक्ट दिसायला सोपा असला तरी त्याचा अर्थ लावणं अवघड असतं, हे शाइन यांनी ठासून सांगितलं आहे. बंद केबिन म्हणजे दुरावाही असेल, किंवा फ्लोअरवरच्या पंचिंग मशीनच्या आवाजापासून सुटकाही असेल.

मधल्या थरात रिसेप्शनजवळचा फलक येतो: "मोकळेपणाने बोला, चूक लवकर सांगा." हे मूल्य डच मालकांनी आणलं. त्याच्या आधीपासून चालत आलेलं दुसरं मूल्य फलकावर नाही, पण जुने लोक सहज सांगतात: कस्टमरला नाही म्हणायचं नाही.

आता वरचे दोन थर शेजारी ठेवा आणि विसंगती शोधा. तळाच्या थरात उतरायचा जिना हाच आहे. फलक म्हणतो मोकळं बोला, कॉलवर सात जण गप्प. फलक खोटा आहे असा निष्कर्ष काढू नका, तो उथळ ठरेल. असं विचारा की काय खरं मानलं, तर हुशार आणि कामाची काळजी असलेल्या माणसालाही गप्प राहणंच शहाणपणाचं वाटेल?

या केसमध्ये त्याचं एक उत्तर निघतं: मंजूर झालेलं ड्रॉइंग हा ज्याने ते पाठवलं त्याचा शब्द आहे, त्यावर सगळ्यांसमोर बोट ठेवणं म्हणजे त्या माणसाला कमी लेखणं. टीम लीडरचं "विचार करूनच पाठवलं असेल" हे वाक्य नेमकं याच गृहीतकातून आलं आहे. तो आळशी नव्हता, त्याच्या दृष्टीने तो आदब पाळत होता.

तुम्ही लिहिलेलं वाक्य खरोखर गृहीतक आहे की नुसतं मूल्य, हे कसं ओळखायचं? मूल्यावर माणसं वाद घालतात. गृहीतकाबद्दल "असं का?" विचारलं की समोरचा गोंधळतो आणि म्हणतो, "असंच असतं ना." दुसरी खूण अशी की गृहीतक बरोबर असेल तर विसंगती नाहीशी होते, आणि आधी ज्यांचा संबंध लागत नव्हता अशा दोन-चार गोष्टी एकदम जुळतात.

शाइन यांच्या स्वतःच्या कामातलं एक उदाहरण इथे वाचण्यासारखं आहे. बाझलच्या सिबा-गायगी या कंपनीत सल्लागार असताना ते व्यवस्थापकांना उपयोगी पडतील अशी टिपणं लिहून देत आणि ती इतरांपर्यंत पोचवा असं सांगत. टिपणं ज्याच्या हातात दिली त्याच्यापाशीच राहायची. नंतर लक्षात आलं की त्या कंपनीत प्रत्येकाचं काम ही त्याची स्वतःची हद्द मानली जाते. न मागता माहिती देणं म्हणजे त्याला त्याचं काम कळत नाही असं सुचवणं. याच्या उलट अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये बैठकीत माणसं एकमेकांवर तुटून पडायची, कारण वादातूनच कल्पना पारखून निघते असं तिथे गृहीत होतं. सिबा-गायगी ही स्विस कंपनी. म्हणजे चूक किंवा माहिती पुढे न नेण्याचं वर्तन आशियाई कंपन्यांपुरतं नाही. हे लक्षात असू द्या, पायरी ४ मध्ये लागेल.

प्रत्यक्ष कंपनीत जाऊन प्रोजेक्ट करत असाल तर प्रश्नावलीवर विसंबू नका. प्रश्नावलीला लोक फलकावरचं उत्तर देतात. एकाच विभागातल्या सहा ते आठ जणांना दीड-दोन तास एकत्र बसवा. नवीन माणसाला इथे काय वेगळं वाटेल, असं विचारून फळ्यावर आर्टिफॅक्ट्सची यादी करा. नुकताच रुजू झालेला एक जण गटात हवाच, कारण जुन्यांना ते दिसणं बंद झालेलं असतं. मग मूल्यं लिहा, मग दोन्ही याद्या कुठे जुळत नाहीत ते गटालाच विचारा. विभागप्रमुखाला त्या खोलीत बसवू नका. तो बसला तर दोन तास फलकाचं वाचन होईल.

## पायरी ३: आता देशांचे आकडे आणा, पण शंका म्हणून

हॉफस्टेड यांचे मूळ आकडे आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्यांमधून आले. १९८० च्या पुस्तकात ४० देश आणि चार मिती होत्या: सत्तेतलं अंतर, व्यक्तिवाद, पुरुषप्रधान मूल्यं आणि अनिश्चितता टाळणं. दीर्घकालीन दृष्टी ही पाचवी मिती मायकेल बाँड यांच्या चीनकेंद्री प्रश्नावलीतून आली. मुक्तता की संयम, म्हणजे हौसमौजेला समाज किती मोकळीक देतो, ही सहावी मायकेल मिंकोव्ह यांच्या कामातून २०१० च्या आवृत्तीत आली.

२०१० च्या आवृत्तीतले आकडे असे. सत्तेतलं अंतर: भारत ७७, नेदरलँड्स ३८. व्यक्तिवाद: ४८ आणि ८०. पुरुषप्रधान मूल्यं: ५६ आणि १४. अनिश्चितता टाळणं: ४० आणि ५३. दीर्घकालीन दृष्टी: ५१ आणि ६७. मुक्तता: २६ आणि ६८.

हे आकडे वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, हे टक्के नाहीत. ग्रीसचा अनिश्चितता टाळण्याचा गुण ११२ आहे, मलेशियाचा सत्तेतल्या अंतराचा १०४. गुणांना अर्थ येतो तो दुसऱ्या देशाशी तुलना केल्यावरच. "भारतात ७७ टक्के लोक साहेबाला घाबरतात" असं वाक्य दिसलं की तपासणाऱ्याला कळतं की मूळ काम वाचलेलं नाही. दुसरं, देशांची तुलना दाखवणाऱ्या द कल्चर फॅक्टर या संकेतस्थळावरचे व्यक्तिवादाचे आणि दीर्घकालीन दृष्टीचे आकडे आता बदललेले आहेत आणि पुरुषप्रधान मूल्यांच्या मितीला तिथे नवं नाव दिलं आहे. त्यामुळे कोणत्या वर्षीची आकडेवारी घेतली ते लिहाच, आणि पुस्तकातला एक आकडा नि संकेतस्थळावरचा दुसरा अशी मिसळ करू नका.

आता निवड. सगळ्यात मोठा फरक पुरुषप्रधान मूल्यांत आणि मुक्ततेत आहे, दोन्हीकडे ४२. म्हणून अनेक जण तिथून सुरुवात करतात. पण पायरी १ मधलं वाक्य परत वाचा. साहेबांसमोर चूक न सांगणं याचा मुक्ततेशी काय संबंध? मिती निवडायची ती फरकाच्या आकारावरून नाही, तर ती मिती कोणत्या प्रश्नांनी मोजली यावरून. सत्तेतल्या अंतराचा निर्देशांक तीन प्रश्नांवरून काढला आहे आणि त्यातला एक असा: वरिष्ठांशी असहमती दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात? हे तर आपल्या केसमधलंच वर्तन आहे. म्हणून ही मिती घ्यायची. दुसरी व्यक्तिवादाची, कारण समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजात चारचौघांत कोणाचा मान जाणार नाही हे जपलं जातं, तर व्यक्तिवादी समाजात मनातलं स्पष्ट बोलणं प्रामाणिकपणाचं लक्षण मानलं जातं. दोन मिती पुरेत. बाकीच्या चार का घेतल्या नाहीत, ते एका वाक्यात सांगा.

अनिश्चितता टाळण्याबद्दल मात्र थोडं थांबू या, कारण इथे हमखास गल्लत होते. भारताचा गुण ४० आहे, मग कारखान्यात इतके शिक्के आणि फॉर्म कसे, असा प्रश्न पडतो. ही मिती कागदपत्रं किती आहेत ते मोजत नाही, जोखीम किती घेतली जाते तेही मोजत नाही. पुढचं माहीत नसलं की माणसं किती अस्वस्थ होतात, हे ती सांगते. "बघू, होऊन जाईल" म्हणून काम पुढे नेता येणं हे कमी गुणाचं लक्षण आहे. शिक्का इथे अनिश्चिततेवरचा इलाज नसतो, कोणाच्या अधिकारात काय आहे याची ती खूण असते, म्हणजे पुन्हा सत्तेतलं अंतरच.

जपानशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे सत्तेतल्या अंतराचा गुण ५४ आणि अनिश्चितता टाळण्याचा ९२. जपानी बैठकीतही सगळे गप्प बसलेले दिसतील. पण तिथे नेमावाशी नावाची पद्धत आहे: बैठकीच्या आधी एकेकाला भेटून आक्षेप काढून घ्यायचे. बैठक होते तेव्हा आक्षेप संपलेले असतात. महापेत आक्षेप तसाच शिल्लक होता. आर्टिफॅक्ट एकच, शांतता, पण तिचा अर्थ वेगळा. थर आणि मिती एकत्र का वापरायचे, ते या एका तुलनेतून दिसतं. नुसत्या थरांवरून शांतता दिसेल, नुसत्या आकड्यांवरून अंदाज बांधता येईल. अर्थ लागायला दोन्ही हवेत.

## पायरी ४: कारण देशाचं की कंपनीचं, याची चाचणी घ्या

उत्तराचा कस लागतो तो इथे. बहुतेक जण ही पायरी करत नाहीत. ७७ आणि ३८ लिहिले की कारण सापडलं असं वाटतं. पण हॉफस्टेड यांचे गुण देशांच्या सरासरीचे आहेत. त्यांवरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढणं याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात आणि त्याबद्दल खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावलं होतं.

चाचणी सोपी आहे: त्याच देशातली, पण वेगळी वागणारी माणसं शोधा. आपल्या केसमध्ये ती त्याच कारखान्यात आहेत. सर्व्हिस विभागातले सहा जण साइटवर जाऊन पॅनल सुरू करून देतात. ते डच इंजिनिअरांशी व्हॉट्सॲपवर रोज हुज्जत घालतात, चुकीच्या ड्रॉइंगचे फोटो पाठवतात, "हे चालणार नाही" असं सरळ लिहितात. तेही ठाणे, कळवा, ऐरोलीतूनच येतात. शाळाही तशाच, घरंही तशीच. भारताचे ७७ हेच पूर्ण कारण असतं तर तेही गप्प बसले असते.

मग डिझाइन विभाग वेगळा का? शाइन यांच्या मते गृहीतकं तयार होतात ती संस्थापकाने वापरलेल्या आणि यशस्वी ठरलेल्या उपायांतून. हा कारखाना नव्वदच्या दशकात रबाळ्यातल्या एका गाळ्यात सुरू झाला. तेव्हाची कामं मोठ्या प्रकल्पांची, जिथे ग्राहकाचा सल्लागार ड्रॉइंग मंजूर करायचा. मंजूर ड्रॉइंगपासून एक इंच इकडेतिकडे झालं तरी बिल अडायचं. "अप्रूव्ह्ड म्हणजे अप्रूव्ह्ड, आपलं डोकं लावायचं नाही" हा नियम त्या काळात कारखान्याला तारून गेला. पुढे तो नियम राहिला नाही, स्वभाव झाला. सर्व्हिस विभागाची गोष्ट निराळी. तिथे पॅनल चालू झाला नाही तर माणूस परत येऊ शकत नाही, त्यामुळे बोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

म्हणजे निष्कर्ष दुहेरी निघतो. गप्प राहणं सोपं जावं अशी जमीन देशाच्या संस्कृतीने दिली, पण त्यावर हे झाड उगवलं ते कंपनीच्या इतिहासातून. उत्तरात दोन्ही वाक्यं लिहा आणि दुसऱ्याचा पुरावा म्हणून सर्व्हिस विभाग दाखवा.

हा भेद हॉफस्टेड यांच्याच दुसऱ्या, कमी वाचल्या जाणाऱ्या अभ्यासातून पक्का होतो. १९८० च्या दशकात त्यांनी डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या १० संस्थांचे २० विभाग तपासले. तो अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. देशादेशांतला फरक मुख्यतः मूल्यांत दिसतो, ती लहानपणी घरात आणि शाळेत घडतात. एकाच देशातल्या संस्थांमधला फरक मात्र मुख्यतः कामाच्या रीतींमध्ये दिसतो, त्या नोकरीत शिकल्या जातात. याचा थेट परिणाम उपायांवर होतो: मूल्यं व्यवस्थापनाच्या हातात नाहीत, रीती आहेत.

एक खबरदारी. शाइन आणि हॉफस्टेड यांचे शब्द एकमेकांवर जसेच्या तसे बसत नाहीत. हॉफस्टेड ज्याला मूल्यं म्हणतात ती खोल, लहानपणची असतात, शाइन यांच्या तळाच्या थराच्या जवळची. शाइन यांची मधल्या थरातली मूल्यं म्हणजे संस्था तोंडाने सांगते ती. "मूल्यं" हा शब्द दोन्हींसाठी न सांगता वापरला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच. उत्तराच्या सुरुवातीलाच एका ओळीत फरक सांगा आणि शाइन यांच्यासाठी "घोषित मूल्यं" असा वेगळा शब्द वापरा.

## पायरी ५: उपाय रीतींच्या पातळीवर सुचवा

"क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग द्यावं" हा उपाय जवळजवळ प्रत्येक वहीत असतो. एक दिवसाच्या प्रशिक्षणाने ज्युनिअर इंजिनिअर साहेबांसमोर बोलू लागेल असं मानायला काही आधार नाही. फलक आणखी मोठा करणंही तसंच. घोषणा, इमारतीची रचना यांना शाइन दुय्यम साधनं मानतात. प्राथमिक साधनं म्हणजे नेता कशाकडे लक्ष देतो आणि काय मोजतो, संकटात कसा वागतो, कोणाला बढती आणि बक्षीस देतो.

म्हणून कॉलची रीतच बदलायची. दर सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रत्येक इंजिनिअरने एका सामाईक शीटमध्ये आपल्या ड्रॉइंगबद्दल निदान दोन शंका लिहायच्या. रकान्याचं शीर्षक "चुका" नको, "साइटवर काय अडू शकतं" असं हवं. मग शंका लिहिणं हा ड्रॉइंग पाठवणाऱ्याचा अपमान राहत नाही, नेमून दिलेलं काम होतं. रिकामा रकाना हीच आता त्रुटी. मंगळवारच्या कॉलवर माणसांना नाही, शीटला प्रश्न विचारायचे. केबलच्या शंकेच्या ओळीत साइटचा फोटो जोडलेला असता, तर ती बोलून दाखवायची कोणाला गरजच पडली नसती.

डच मॅनेजरलाही बदलावं लागेल आणि हे उत्तरात आलंच पाहिजे, नाहीतर सगळा दोष महापेवर जातो. "सगळं स्पष्ट आहे ना?" या प्रश्नाचं इथे एकच उत्तर असतं. "केबल कुठून येते आहे, फोटोत दाखवा" या प्रश्नाला हो म्हणून भागत नाही. शिवाय इथल्या "हो"चे प्रकार त्याला सांगायला हवेत. "हो, झालं" म्हणजे झालं. "होऊन जाईल" म्हणजे अजून सुरुवात नसेलही. "बघतो" म्हणजे बहुधा अडचण आहे, पण तुमच्यासमोर नाही म्हणायचं नाही.

हे कुठे मोडतं तेही लिहा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोणाच्या शंकेवर विभागप्रमुखाने सगळ्यांसमोर "एवढंही कळत नाही का?" म्हटलं, तर पुढच्या सोमवारी शीटमध्ये निरुपद्रवी शंका भरल्या जातील: फॉन्ट लहान आहे, तारीख राहिली आहे. शीट भरलेली दिसेल, पण रीत मेलेली असेल. ते ओळखायचं तर शंकांची संख्या मोजू नका. ड्रॉइंग बदलायला लावणाऱ्या किती शंका उत्पादन सुरू होण्याआधी आल्या आणि किती साइटवर गेल्यावर निघाल्या, हे दोन आकडे महिन्याला लिहा. तीन महिन्यांत पहिला वाढला आणि दुसरा घटला तरच रीत लागली. सर्व्हिस विभागाकडे दुसऱ्या आकड्याची नोंद आधीपासून असते, तिथूनच मागच्या सहा महिन्यांचा आधार घ्या.

## मर्यादा कशा लिहायच्या

मर्यादांचा परिच्छेद शेवटी चिकटवल्यासारखा नको, केसला धरून हवा. मूळ आकडे एकाच कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे आहेत आणि काही देशांचे नमुने फार लहान होते. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये यावर कडक टीका केली. तिचा आपल्या केसशी संबंध असा की भारताची ७७ ही सरासरी महापेतल्या डिझाइन विभागाला लागू होते की नाही, हे आकडा सांगू शकत नाही. ते सर्व्हिस विभागाशी केलेल्या तुलनेतूनच कळलं.

दुसरा मुद्दा ग्लोब अभ्यासातून घेता येतो. रॉबर्ट हाउस यांच्या नेतृत्वाखाली ६२ समाजांतल्या सुमारे १७,००० मधल्या फळीच्या व्यवस्थापकांना त्यात विचारलं गेलं. ग्लोबने प्रत्येक मितीबद्दल दोन प्रश्न वेगळे ठेवले: तुमच्याकडे असं आहे का, आणि असं असावं का? सत्तेतल्या अंतराबद्दल भारतासह जवळजवळ सगळीकडे "आहे"चा गुण "असावं"पेक्षा बराच वर निघाला. म्हणजे अंतर आहे, पण ते हवंच आहे असं नाही. महापेतल्या ज्युनिअर इंजिनिअरने सोमवारी जेवताना टीम लीडरला सांगितलं होतंच. त्याला बोलायचं होतं, फक्त बोलण्याची जागा त्याला दुपारी अडीचच्या कॉलवर नाही, कँटीनमध्ये मिळाली. तुमच्या उत्तरातला उपाय त्या इंजिनिअरसमोर ठेवून बघा: पुढच्या सोमवारी फोटो बघितल्यावर तो नेमकं काय करेल, किती वाजता आणि कुठे? हे सांगता येत नसेल तर पायरी ५ पुन्हा लिहावी लागेल.